अंधार पडला की सी विंगचे कॅमेरे का जातात?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागला आमची चार विंगची सोसायटी आहे. रेकॉर्डर रूम ए विंगखाली, प्रत्येक विंगला कॅमेऱ्यांना नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा आठ पोर्टचा पीओई स्विच आणि मध्ये फायबर. सी विंगमधले दोन कॅमेरे रोज अंधार पडला की जातात-येतात, दिवसा सगळं ठीक. बसवणारा म्हणतो फायबर खराब आहे, काढून साधी केबल टाकू. काय करावं?

उत्तर: फायबरला हात लावू देऊ नका. फायबर किंवा त्याच्या टोकाचा कन्व्हर्टर बिघडला असता, तर सी विंगचे आठही कॅमेरे एकदमच गेले असते, कारण आठही कॅमेऱ्यांचं चित्र त्याच एका धाग्यातून येतं. तुमचे दोनच जातात, तेही अंधारात. मी सांगली-मिरजेत हेच काम करतो; अशी तक्रार आली की मी आधी स्विचची वीज मोजतो.

दिवसा साधा कॅमेरा चार-साडेचार वॅट खातो. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तोच कॅमेरा सात वॅटवर जातो. गेटवरचे लांब पल्ल्याचे बुलेट कॅमेरे तर अकरा वॅटपर्यंत जातात. आता स्विच बघा. प्रत्येक पोर्ट १५.४ वॅट देऊ शकतो असं त्यावर लिहिलेलं असतं, म्हणून आठ पोर्टचे सव्वाशे वॅट मिळतील असं लोक धरून चालतात. पण सगळ्या पोर्टना मिळून किती, हा आकडा वेगळा असतो आणि स्वस्त स्विचमध्ये तो ६० वॅटच्या आसपासच असतो. तुमच्याकडे सहा साधे आणि दोन गेटचे कॅमेरे असतील, तर दिवसाचा हिशेब चाळीसच्या आत राहतो. रात्री मात्र सहा सत्ते बेचाळीस आणि गेटचे बावीस, एकूण ६४ होतात. स्विच मग शेवटच्या पोर्टची वीज तोडतो. भार उतरला की पुन्हा देतो, कॅमेरा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा तुटते. हे चक्र पहाटेपर्यंत चालू राहतं.

खात्री करायला रात्रीची वाट बघायची गरज नाही. भर दुपारी सी विंगच्या आठही कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये जाऊन डे-नाइट मोड जबरदस्तीने नाइट करा, दिवेही लागलेले ठेवा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून जाणाऱ्या कॅमेऱ्याला पिंग लावून ठेवा (पत्ता तुमच्या कॅमेऱ्याचा टाका):

```
ping -t 192.168.1.37
```

मिनिटभर उत्तर गेलं आणि मग परत आलं, तर कॅमेरा रीस्टार्ट झाला. नुसती जोडणी हलली असती तर काही सेकंदांतच परत आला असता. त्या वेळी कोणाला तरी कॅमेऱ्याखाली उभं करा. वीज परत आल्यावर आतून टक् असा बारीक आवाज येतो. आतला फिल्टर सरकतो त्याचा तो आवाज. मग एका गेट कॅमेऱ्याची केबल स्विचमधून काढा. उरलेले सात स्थिर राहिले, तर दुखणं विजेचंच.

पोर्ट बदलूनही तोच एक कॅमेरा जात असेल, तर त्याची केबल तपासा. टोकाची तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. लांब अंतरावर तिच्यात व्होल्टेज पडतं आणि रात्रीचा भार तिला झेपत नाही. तेवढी केबल पूर्ण तांब्याची टाका.

दुरुस्ती फार खर्चाची नाही. आज रात्रीपुरतं गेटचे कॅमेरे पहिल्या दोन पोर्टवर घ्या. बऱ्याच साध्या स्विचमध्ये वीज कमी पडली की शेवटचे पोर्ट आधी तुटतात, त्यामुळे निदान गेट तरी दिसत राहील. कायमचं करायचं तर एकूण १२० वॅटचा स्विच लावा, नाहीतर गेटच्या दोघांना वेगळे पीओई इंजेक्टर द्या. कोटेशनमध्ये 'आठ पोर्ट पीओई' एवढंच लिहिलेलं चालवून घेऊ नका, एकूण वॅट लिहून मागा. कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकातल्या कमाल वॅटची बेरीज करा आणि त्यावर पाव हिस्सा मोकळा ठेवा.

आणि दोन विंगच्या मध्ये तांब्याची केबल अजिबात नको. एप्रिल-मेमध्ये वळीव कसा कडाडतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. जवळपास वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये मोठा फरक पडतो, तो झटका तांब्यातून सरळ रेकॉर्डर रूममध्ये येतो आणि सी विंगबरोबर ए विंगचा स्विच आणि रेकॉर्डरही जातो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही. मात्र तुमची फायबर लोखंडी कवचाची असेल, तर ते कवच रॅकच्या पत्र्याला टेकलेलं नाही ना, हे स्विच बदलतानाच बघून घ्या.