दहापैकी सहा सौदे जिंकूनही तोटा: महिन्याच्या वहीत काय सापडलं

"भाऊ, दहातले सहा सौदे माहे नफ्यात जाते, तरी महिन्याच्या शेवटी पैसे कमीच होऊन रायले. नफा दिसला का हात थरथरते अन् मी लवकर निघून जातो. थोडा दम धरला तर जमन, असं मित्र म्हणते. हेच चुकते का माह्यं? हे कसं सुधरवू?"

विचारणारा दारव्हा तालुक्यातला, तिशीतला, कृषी केंद्र चालवणारा. काउंटरवर बसूनच मोबाइलवर शेअरचे इंट्राडे सौदे करतो. प्रत्येक सौद्यात ५०० रुपयांपर्यंत तोटा सोसायचा आणि १,००० रुपये नफ्याचं टार्गेट ठेवायचं, हे त्याचं ठरलेलं गणित. महिन्यात ३० सौदे झाले होते. त्यातले १८ नफ्यात, १२ तोट्यात, आणि एकूण हिशेब उणे २,००० रुपये. ब्रोकरेज आणि कर त्याहून वेगळे.

उत्तर त्यानं प्रश्नातच ठरवून टाकलं होतं, म्हणून ते आधी बाजूला ठेवलं आणि ट्रेडबुक उघडायला लावलं. इथे पहिलीच अडचण येते. ट्रेडबुकात फक्त झालेली खरेदी-विक्री असते. मधल्या वेळात स्टॉप, म्हणजे तोटा घेऊन बाहेर पडायचा ठरलेला भाव, किती वेळा सरकवला, याचा त्यात मागमूस नसतो. त्यामुळे महिनाअखेरीला नुसतं ट्रेडबुक चाळणाऱ्याला 'मोठा तोटा झाला' एवढंच दिसतं, तो का मोठा झाला ते दिसत नाही. या माणसाचं नशीब एवढंच की सौदा घेतल्याबरोबर तो एका मित्राला व्हॉट्सॲपवर एंट्री, स्टॉप आणि टार्गेट कळवत असे. तीस निरोप, वेळेसकट. ज्याच्याकडे असं काही नसेल त्यानं मागच्या महिन्याचे स्टॉप आठवून लिहू नयेत. आठवण आपल्याच बाजूनं साक्ष देते. आजपासून एंट्रीच्या आधी लिहायला सुरुवात करावी आणि महिन्यानं बसावं.

वहीत प्रत्येक सौद्याला एक ओळ आखली: एंट्रीची वेळ, भाव, ठरलेला स्टॉप, ठरलेलं टार्गेट, प्रत्यक्ष बाहेर पडल्याचा भाव आणि रुपयांतला निकाल. शेवटचा रकाना महत्त्वाचा होता: 'ठरल्याप्रमाणे थांबलो असतो तर?' हा रकाना अंदाजानं भरायचा नाही. त्या दिवसाचा पाच मिनिटांचा चार्ट उघडायचा आणि एंट्रीपासून पुढे एकेक कॅण्डल बघत जायचं. आधी मूळ स्टॉपला भाव लागला की टार्गेटला? एकाच कॅण्डलमध्ये दोन्ही लागले असतील तर स्टॉपच लागला असं धरायचं. दोन्हीपैकी काहीच लागलं नसेल तर दुपारी ३:१५ चा भाव घ्यायचा. तीस सौद्यांना दोन संध्याकाळी लागल्या.

मग ओळींचे गट पाडले. मूळ स्टॉपवरच संपलेले ७ सौदे, उणे ३,५००. टार्गेटला पोचलेले ४, अधिक ४,०००. टार्गेटच्या आधीच नफा घेऊन निघालेले ११, अधिक ३,३००. आणि स्टॉप खाली सरकवलेले ८. त्यातले ५ मिळून उणे ६,२००, तर उरलेले ३ किंमत परत फिरल्यामुळे ४०० रुपये देऊन गेले.

त्याला ज्या चुकीची खात्री होती तिच्यापासून सुरुवात केली. लवकर सोडलेल्या ११ सौद्यांत थांबला असता तर ५ टार्गेटला पोचले असते, ३ स्टॉपला लागले असते आणि ३ दिवसभर रेंगाळून बेरजेत शून्याच्या आसपास राहिले असते. म्हणजे ५,००० वजा १,५००, अधिक ३,५००. प्रत्यक्षात मिळाले ३,३००. महिन्याभराच्या थरथरीची किंमत निघाली २०० रुपये. एवढ्याशा फरकावरून काही सिद्ध होत नाही, ना लवकर निघणं चूक, ना बरोबर.

आता ते ८. सगळ्यांत किंमत मूळ स्टॉपला लागून गेली होती, हे चार्टवर एकेक करून तपासलं. तिथेच बाहेर पडला असता तर उणे ४,०००. प्रत्यक्षात उणे ५,८००. फरक १,८०० रुपये, लवकर निघण्याच्या नऊपट.

त्यातला एक सौदा जवळून पाहण्यासारखा आहे. सकाळी ११:२० ला एका बँकेचे १०० शेअर ६४२ ला घेतले, स्टॉप ६३७, टार्गेट ६५२. भाव ६३७.४० ला आला तेव्हा त्यानं स्टॉपचा ट्रिगर ६३३ केला. मित्राला कळवलं, "जरा जागा देऊन पाहतो." तिथेही भाव आला तेव्हा ६२९. नंतर ६२६. तो ६२६ ला लागला आणि ५०० चे १,६०० झाले. प्रत्येक वेळी सरकवताना त्याला फक्त पुढचे तीन-चार रुपये दिसत होते, ६४२ पासूनचं अंतर नाही.

ही सवय टिकते ती त्या तीन वाचलेल्या सौद्यांमुळे. स्टॉप सरकवला आणि भाव परत आला, हे त्याला तारखेसकट आठवत होतं. बुडालेले पाच विचारले तर दोनच सांगता आले. आठवणीतल्या हिशेबात सरकवणं फायद्याचंच ठरत होतं.

तो दुकानात कामगंध सापळे विकतो. सापळ्यात सलग तीन रात्री ८-८ पतंग आले की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा निर्णय घ्यायचा, हे तो गिऱ्हाइकाला रोज सांगतो. आठ दिसल्यावर "पंधरा होऊ दे" म्हणणाऱ्या शेतकऱ्याला तो काय म्हणेल, एवढंच विचारलं. तो हसला, पण कसनुसा.

त्या आठ ओळींच्या वेळा लावल्यावर आणखी एक गोष्ट निघाली. आठपैकी सहा सौदे त्या दिवशीचा आधीचा सौदा स्टॉपला लागल्यावर घेतलेले होते. पहिला तोटा तो निमूट घेत होता, दुसरा घ्यायला तयार नव्हता. म्हणून "स्टॉप हलवू नकोस" एवढं सांगून भागलं नसतं, कारण हे त्यालाही पाठ होतं. नियम एक पायरी आधी लावला: दिवसात एक स्टॉप लागला की त्या दिवशी दुसरी एंट्री नाही. शिवाय खरेदी झाल्याबरोबर स्टॉपलॉसची ऑर्डर सिस्टिममध्ये टाकायची, आणि ट्रिगर बदललाच तर वेळ आणि भाव त्याच ओळीत लिहायचा. नफा लवकर घ्यायची सवय या महिन्यात मुद्दाम तशीच राहू दिली. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं काय झालं ते कळत नाही.

एक गोष्ट त्याला आवडली नाही, पण सांगावीच लागली. सगळे सौदे ठरल्याप्रमाणे झाले असते तर महिन्याचा हिशेब बरोबर शून्यावर येत होता, आणि खर्च धरला तर तोट्यातच. चूक सुधारली की नफा सुरू होईल, असं या वहीत कुठेही दिसत नाही. तीस सौदे हा नमुनाही लहानच. तो मोठा होईतोवर शेअरची संख्या वाढवायची नाही आणि खरिपाच्या उधारीसाठी ठेवलेले पैसे खात्यात आणायचे नाहीत.

पुढच्या महिन्यात सौदे १९ वर आले. स्टॉप खाली सरकवल्याच्या नोंदी दोन. दोन्ही दिवस आठवडी बाजाराचे, काउंटरवर गर्दी. खरेदी मोबाइलवर उरकली होती आणि स्टॉपची ऑर्डर टाकायची राहून गेली होती, म्हणजे स्टॉप नुसता मनात होता. आता बाजाराच्या दिवशी तो सौदा घेत नाही.