दुकानाचं नाव आणि कारागीर ताळेबंदात किती रुपयांना दाखवायचे?

प्रश्न: इंदूरला आमचं शेवेचं जुनं दुकान आहे. कर्जासाठी ताळेबंद करतोय. नाव आणि जुना कारागीर मालमत्तेत किती रुपयांना दाखवू?

उत्तर: दाखवूच नका. पैशात विश्वासानं मोजता येईल तेवढंच वहीत चढतं. कारागिराचा पगार खर्चात जातो. पिठात मोहन किती घालायचं हा त्याचा अंदाज कुठेच नोंदला जात नाही. दुकानाचं नाव म्हणजे हिशेबाच्या भाषेत ख्याती, आणि स्वतः कमावलेली ख्याती मालमत्ता म्हणून दाखवायला लेखा मानक २६ सरळ मनाई करतं. काहीजण ख्याती नावे, भांडवल जमा अशी नोंद ठोकतात. भांडवल फुगतं, पण बँक निव्वळ मालमत्ता काढताना ती रक्कम सहसा वजा करते.

ख्याती चढते ती विकत घेतल्यावर, तीही घेणाऱ्याच्या वहीत. समजा देणी वजा जाता दुकानाची मालमत्ता १८ लाखांची आणि कुणी २५ लाखांना घेतलं, तर वरचे ७ लाख त्याची ख्याती. (कारागीर महिन्याभरात सोडून गेला, तर ते ७ लाख महागात पडले म्हणायचे.) दुकान आणि तुम्ही हिशेबात वेगळे, म्हणून घरी नेलेली शेवसुद्धा ती बनवायला आलेल्या खर्चानं उचल खात्यात टाका.

एक अपवाद: भागीदारीत नवा भागीदार आला की ख्यातीचं मोल काढावंच लागतं. ख्यातीपोटी त्यानं आणलेली रक्कम जुन्या भागीदारांच्या भांडवलात त्यागाच्या, म्हणजे ज्यानं नफ्यातला जेवढा वाटा सोडला त्याच्या, प्रमाणात वाटली जाते.