अर्ध्या श्लोकाची तपासणी

प्रिय सहकाऱ्यास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. लेखाच्या माथ्यावर तू 'अहिंसा परमो धर्मः धर्महिंसा तथैव च' ही ओळ घेतली आहेस आणि तिच्याखाली 'भगवद्गीता' एवढेच लिहिले आहेस. बाकीच्या मजकुराबद्दल नंतर बोलू. आज फक्त या ओळीबद्दल लिहितो, कारण धार्मिक अवतरणात जिथे जिथे चूक होऊ शकते त्या बहुतेक जागा या एका ओळीत सापडतात.

पहिली शंका यायला हवी होती ती अध्याय आणि श्लोकाचा क्रमांक नसल्यामुळे. गीता हा सातशे श्लोकांचा ग्रंथ आहे, तेव्हा एखादी ओळ त्यात आहे की नाही हे खात्रीने ठरवता येते. त्यासाठी छापील गीतेच्या शेवटी असलेली श्लोकसूची पुरत नाही, हे मात्र लक्षात ठेव. बऱ्याच आवृत्त्यांत ती केवळ श्लोकाच्या पहिल्या शब्दांवरून केलेली असते, आणि तुझी ओळ श्लोकाच्या मध्यातली असली तर ती तिथे मिळणारच नाही. प्रत्येक चरणाची किंवा प्रत्येक शब्दाची सूची हवी, किंवा संपूर्ण संहितेत शोध घ्यायला हवा. तसा तो घेतला की 'अहिंसा' हा शब्द गीतेत चार ठिकाणी मिळतो: 10.5, 13.7, 16.2 आणि 17.14. चारही ठिकाणी तो गुणांच्या किंवा तपाच्या यादीत इतर शब्दांबरोबर येतो. तुझ्या ओळीचा पूर्वार्धही तिथे नाही आणि उत्तरार्धही नाही.

यातला 13.7 हा क्रमांक पडताळायला गेलास तर काही प्रतींत तो श्लोक 13.8 म्हणून दिसेल, आणि आपलेच काही चुकले असे वाटेल. चूक कोणाचीच नाही. तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाच्या तोंडी असलेला 'प्रकृतिं पुरुषं चैव' हा प्रश्न काही आवृत्त्या श्लोक म्हणून मोजतात आणि काही वगळतात. त्यामुळे तो संपूर्ण अध्याय एका अंकाने पुढेमागे होतो. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतही असेच घडते: हिब्रू परंपरेतले तेविसावे स्तोत्र जुन्या ग्रीक आणि लॅटिन परंपरेत बाविसावे ठरते. म्हणून क्रमांकाशेजारी आवृत्तीचे नाव नसेल, तर तो क्रमांक अर्धाच दिलेला आहे असे मी समजतो.

आता महाभारताकडे वळू. 'अहिंसा परमो धर्मः' हा चरण तिथे नक्की आहे आणि एकापेक्षा अधिक वेळा आहे, परंतु शोधताना संधी आड येतो. अनुशासनपर्वात ओळ 'अहिंसा परमो धर्मस्तथाहिंसा परो दमः' अशी आहे; तिथे विसर्गाचा स् होऊन शब्द पुढच्या शब्दाला चिकटलेला आहे. 'धर्मः' असा विसर्गासह शोध घेणाऱ्याला ही जागा दिसणार नाही. 'परमो धर्म' एवढाच तुकडा शोधला तर ती मिळते.

सापडलेल्या जागा एकेक करून उघड आणि बोलणारा कोण आहे ते पाहा. आदिपर्वाच्या 11व्या अध्यायात हे वाक्य डुंडुभ नावाच्या सर्पाच्या तोंडी आहे. पत्नीला साप चावल्यामुळे दिसेल तो सर्प मारत सुटलेल्या रुरूला तो हे ऐकवतो, आणि लगेच पुढे म्हणतो की म्हणून ब्राह्मणाने कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये. क्षत्रियाचा धर्म तुझा नव्हे, हेही तो बजावतो. वनपर्वात हाच चरण धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो; बोलणारा स्वतः मांस विकणारा आहे, हे ते वाक्य वाचताना विसरून चालत नाही. अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला मांसवर्जनाच्या संदर्भात हे सांगतात. तिघांपैकी एकही श्रीकृष्ण नाही. 'महाभारतात म्हटले आहे' एवढे लिहिले तरी हे तिन्ही संदर्भ पुसले जातात, म्हणून वक्ता, श्रोता आणि प्रसंग एका वाक्यात देत जा.

इथेही क्रमांकांचा घोळ आहेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची चिकित्सित आवृत्ती आणि पूर्वीपासून छापली जाणारी प्रचलित संहिता यांचे अध्याय जुळत नाहीत. धर्मव्याधाचे वाक्य प्रचलित वनपर्वात 207व्या अध्यायात आहे. चिकित्सित आवृत्तीत ते 198व्या अध्यायात आहे आणि पर्वाचे नावही आरण्यकपर्व असे आहे. भाषांतर घेताना याचा थेट त्रास होतो. किसारी मोहन गांगुली यांचे इंग्रजी भाषांतर एकोणिसाव्या शतकातले, तर चिकित्सित आवृत्तीचे काम 1919 साली सुरू झाले. चिकित्सित आवृत्तीचा क्रमांक देऊन खाली गांगुलींचे भाषांतर जोडले, तर पडताळणारा वाचक भलत्याच अध्यायात जाऊन पोहोचतो. मूळ, क्रमांक आणि भाषांतर एकाच संहितेवरचे असावेत. ते शक्य नसेल तर दोन्ही क्रमांक द्यावेत.

राहिला तुझ्या ओळीचा उत्तरार्ध. वरच्या तिन्ही जागी पुढचा चरण निराळा आहे आणि 'धर्महिंसा तथैव च' कुठेही येत नाही. तो छंदात बसतो हा पुरावा नव्हे. अनुष्टुभाच्या चरणाला आठ अक्षरे लागतात आणि 'तथैव च' हे तर चरण भरून काढण्याचे नेहमीचे साधन आहे, त्यामुळे असा अर्धा श्लोक कोणालाही रचता येतो. तथापि 'हे कोणत्याच ग्रंथात नाही' असेही लिहू नकोस, कारण तेवढे तू तपासलेले नाहीस. गीतेत ही ओळ नाही आणि महाभारतात ज्या जागी पहिला चरण येतो तिथे त्याला ही जोड नाही, एवढेच म्हणता येते, आणि तुझ्या लेखापुरते तेवढे पुरे आहे.

हिंसा-अहिंसेच्या मर्यादांबद्दल ग्रंथात काहीच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. धर्मव्याध त्याच संवादात पुढे सांगतो की नांगरणीतही असंख्य जीव मरतात आणि पूर्णपणे अहिंसक असा कोणी नाही. तुला तो मुद्दा मांडायचा असेल तर ही जागा उद्धृत कर. संवाद संपूर्ण वाच आणि मगच त्यातली ओळ उचल. मराठी अर्थ तू स्वतः केलास तर 'अनुवाद लेखकाचा' असे लिही, आणि नुसता आशय सांगत असशील तर अवतरणचिन्हे काढून टाक. अवतरणचिन्हांच्या आतला शब्द वाचक मूळचा म्हणूनच घेतो.

माथ्यावरची ओळ पहिल्या चरणापाशी थांबवायची असेल, तर खाली असे छापता येईल: 'डुंडुभ रुरूला, महाभारत, आदिपर्व, अध्याय 11', आणि त्यापुढे ज्या आवृत्तीतून पाठ घेतलास तिचे नाव आणि तिच्यातला श्लोकांक. श्लोकांक माझ्याकडून घेऊ नकोस, पान उघडून लिही. सुधारलेला मसुदा पाठवशील तेव्हा त्या पानाचे छायाचित्र सोबत जोड.

कळावे.