दुभंगलेला मेंदू नेमके काय सांगतो?

प्रश्न: स्प्लिट-ब्रेन प्रयोगांतून डावा मेंदू तर्काचा आणि उजवा कल्पकतेचा हे सिद्ध झाले ना?

उत्तर: नाही. मेंदूच्या दोन्ही गोलार्धांना जोडणारा सुमारे 20 कोटी मज्जातंतूंचा पट्टा म्हणजे कॉर्पस कॅलोसम. अपस्माराचे तीव्र झटके पसरू नयेत म्हणून काही रुग्णांमध्ये तो कापला गेला आणि एका गोलार्धाला मिळालेली माहिती दुसऱ्याला कळेनाशी झाली.

मेंदूशास्त्रज्ञ मायकेल गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी अशा एका ‘स्प्लिट-ब्रेन’ रुग्णाच्या डाव्या गोलार्धाला कोंबडीचा पाय, तर उजव्याला बर्फाने झाकलेले घर दाखवले. समोरच्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडताना डाव्या गोलार्धाच्या ताब्यातील उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि उजव्या गोलार्धाच्या ताब्यातील डाव्या हाताने फावडे. फावडे का, असे विचारताच, बर्फ मुळीच न पाहिलेल्या, पण बोलू शकणाऱ्या डाव्या गोलार्धाने बेधडक उत्तर दिले, की कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागते. म्हणजे कथा रचली ती ‘तार्किक’ म्हणवल्या जाणाऱ्या बाजूने, आणि बर्फाशी फावड्याचा अचूक संबंध जोडला तो ‘कल्पक’ बाजूने!

बोलणे बहुतेकांमध्ये डावीकडे आणि चेहरे ओळखण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा, एवढी विभागणी खरी आहे. मात्र तर्क किंवा कल्पकता ही अनेक प्रक्रियांची गुंफण असून, पट्टा शाबूत असताना तिच्यात दोन्ही गोलार्ध सतत एकत्र काम करतात.