एआयने केलेला रेंडर बांधकामासाठी नाही, हे क्लायंटला मेलमध्ये कसं सांगायचं

"एआयवर केलेला एलिव्हेशनचा रेंडर क्लायंटला पाठवला, त्यांना खूप आवडला. आता म्हणतात डिट्टो असंच पाहिजे, कंत्राटदारालाही फॉरवर्ड केलाय आणि तो त्यावरून रेट काढतोय. आरसीसी ड्रॉइंग अजून व्हायचंय. हा फक्त कन्सेप्ट आहे असा मेल लिहायचाय, पण ते नाराज व्हायला नकोत. काय लिहू?"

आधी फोन करा आणि मग लगेच मेल टाका, दोन्ही आजच. कंत्राटदाराने एकदा आकडा सांगितला की तो क्लायंटच्या डोक्यात पक्का बसतो, मग पुढे वाढलेला प्रत्येक रुपया तुमच्यामुळे वाढला असंच त्यांना वाटत राहतं.

आता मेलचं. "हा फक्त कन्सेप्ट आहे" एवढंच लिहून काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. क्लायंटच्या कानाला कन्सेप्ट म्हणजे "डिझाइन ठरलं, रंग-बिंग बदलेल". आणि यात त्यांची चूक नाही, कारण इतकी वर्षं आपणच त्यांना जे थ्रीडी व्ह्यू दाखवत आलो ते मापाने बनवलेल्या मॉडेलमधून निघायचे, खिडकी ४ फुटांची दिसली तर मॉडेलमध्ये ती ४ फुटांचीच असायची. एआयच्या चित्रामागे तसं मॉडेलच नसतं. घरं जशी दिसतात तसं दिसणारं चित्र ते काढतं, भिंतीमागे बीम आहे का, स्लॅब किती जाड, जिना वरच्या मजल्याला पोचतो का, यातलं काही त्याला माहीत नसतं. आपला प्लॅन किंवा स्केच टाकून काढलं तरी एखादी खिडकी सरकते, कॉलम गायब होतो. दोन्ही चित्रं दिसायला सारखीच, मग फरक क्लायंटला कळणार कसा, तो आपणच सांगायला पाहिजे.

म्हणून मेलमध्ये त्याच चित्रातल्या दोन-तीन गोष्टींवर बोट ठेवून सांगायचं की हे असं होणार नाही, आणि का. गोलमोल सूचना कुणी वाचत नाही, "तुमची बाल्कनी" म्हटलं की माणूस वाचतोच.

माझ्याकडे तळमजला अधिक एक अशा बंगल्याचं काम होतं, त्यात अगदी हेच झालं. चित्रात बाल्कनी कॉलमशिवाय बाहेर आलेली, फार देखणी. मुख्य दार साडेतीन फुटांचं धरून अंदाज घेतला तर ती जवळपास ८ फूट बाहेर होती आणि स्लॅबची कड दिसत होती जेमतेम ४ इंच. आयएस ४५६ मध्ये कॅन्टिलिव्हरसाठी लांबी आणि जाडीचं मूळ गुणोत्तर ७ आहे, म्हणजे ८ फुटांना साधारण १४ इंच. स्टीलच्या प्रमाणानुसार ते कमी-जास्त होतं, पण ४ इंच कुठल्याच हिशोबात येत नाही. मग जिना पाहिला. काचेतून दिसणाऱ्या पायऱ्या मी बोट ठेवून मोजल्या, अकरा भरल्या. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच भागिले अकरा, एक पायरी जवळजवळ ११ इंच उंच! घरासाठी नॅशनल बिल्डिंग कोडची कमाल मर्यादा १९० मिलिमीटर आहे, म्हणजे साडेसात इंच. आपण ६.६७ इंचांच्या १८ चढ धरतो, आणि १० इंच रुंदीची पायरी घेतली तर सरळ जिन्याला १४ फुटांच्या वर लांबी लागते, तेवढी जागा त्या हॉलमध्ये नव्हतीच.

तुम्हीही मेल लिहायच्या आधी चित्र मोठं करून असंच बघा. पायऱ्या मोजा, पुढे आलेल्या प्रत्येक भागाचा आधार शोधा, वरच्या-खालच्या खिडक्या एका रेषेत आहेत का ते बघा, आणि उन्हाची दिशा बघा. आमचं दर्शनी तोंड उत्तरेला होतं आणि चित्रात त्याच भिंतीवर भर दुपारचं लख्ख ऊन, आणि क्लायंटच्या घरच्या बाई तर ते ऊन बघूनच तिथे बोगनवेल लावायचं ठरवून बसल्या होत्या.

मी तेव्हा पाठवलेला मेल साधारण असा होता:

विषय: घराचं दर्शनी चित्र – कल्पनेसाठी आहे, मापासाठी नाही

नमस्कार सर,
चित्र तुम्हाला आणि मॅडमना आवडलं, बरं वाटलं. फोनवर बोललो ते इथे लिहून ठेवते.

हे चित्र एआय वापरून तयार केलं आहे. घराचा एकूण भाव, दगड आणि लाकडाचा मेळ, रंग, उतरतं छप्पर हे ठरवण्यासाठी ते आहे. ते मापात काढलेलं नाही, त्यामुळे त्यावरून लांबी-रुंदी, जाडी किंवा खर्च काढता येणार नाही.

तीन गोष्टी प्रत्यक्षात वेगळ्या होतील. बाल्कनी चित्रात खूप बाहेर आणि फार पातळ दिसते, ती किती बाहेर येऊ शकते हे आरसीसी कन्सल्टंट ठरवतील आणि तिची कड जाड दिसेल. जिना चित्रात ११ पायऱ्यांचा आहे, तो चढायला धोक्याचा होईल, आपला १८ चढांचा आणि मध्ये वळणारा असेल. दर्शनी भिंत उत्तरेला असल्याने तिथे चित्राइतकं ऊन येणार नाही.

बांधकाम फक्त "बांधकामासाठी" असा शिक्का आणि तारीख असलेल्या ड्रॉइंगवरूनच करायचं. आरसीसी ड्रॉइंग आलं की मी मापाचं एलिव्हेशन आणि त्यावरून नवीन व्ह्यू देईन, कंत्राटदारांनी रेट त्यावर द्यावा. तुमची हरकत नसेल तर हाच मेल मी त्यांनाही पाठवते.

वाचून "ठीक आहे" एवढं उत्तर द्या, काही वेगळं वाटत असेल तर तेही सांगा.

एवढाच. यात माफी नाही आणि वकिली भाषाही नाही. सुरुवातीला चित्र कशासाठी उपयोगी आहे ते आलं, म्हणजे त्यांना आवडलेलं काही आपण हिसकावून घेतोय असं वाटत नाही. एआयचं नाव उघड घ्या, लपवून नंतर कळलं तर मात्र ते खरंच नाराज होतील. आणि मेलच्या आधी तुमचे जुने व्हॉट्सॲप मेसेज चाळा, कुठे "फायनल थ्रीडी" असं लिहून गेला असाल तर ते मेलमध्ये सरळ दुरुस्त करा, नाहीतर भांडण झालं की तोच मेसेज पुढे येतो.

अजून एक, मेल एका जागी राहतो आणि चित्र फिरत राहतं. आमच्याकडे रेलिंगवाल्याकडे पोचला तो नुसता फोटो होता, त्याने त्यावरून पाइपचा हिशोबही करून ठेवला होता. तेव्हापासून मी चित्रावरच, कापून टाकता येणार नाही अशा जागी, आकाशात नाही तर भिंतीवर आडवं लिहिते, "कल्पनाचित्र, यावरून माप घेऊ नये", आणि फाइलच्या नावातही कल्पनाचित्र आणि तारीख टाकते. तुम्ही आज तसं नवीन चित्र पाठवा आणि जुनं डिलीट करायला सांगा.

आमच्या क्लायंटचं उत्तर आलं ते "ठीक आहे, पण बाल्कनी सोडवत नाही" असं होतं. मग आरसीसीवाल्यांसोबत बसून ती ५ फूट बाहेर काढली, भिंतीपाशी ९ इंच आणि कडेला ५ इंच अशी निमुळती, म्हणजे रस्त्यावरून बघताना पातळ कडच दिसते. ते ड्रॉइंग हातात पडल्यावर कंत्राटदाराने रेट नव्याने दिला.