मुदत संपली, भत्ता थांबला, चावी मात्र माझ्याकडेच

प्रश्न : मी खासगी कारखान्यात अकाउंटंट आहे. स्टोअर इन्चार्ज सोडून गेल्यावर १ जानेवारीपासून त्यांचं काम जादा म्हणून मला दिलं. पत्रात महिना ५,००० रुपये भत्ता आहे आणि ‘३० जूनपर्यंत किंवा नवीन इन्चार्ज रुजू होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत’ असं लिहिलंय. जुलैपासून भत्ता बंद, काम मात्र मीच करतोय. सप्टेंबर उजाडला. भत्ता कायमचा मागता येईल का? — एक वाचक, चाकण

उत्तर : कायमचा नाही. ‘जे आधी घडेल’ हे शब्द तुमच्या आड येतात. नवीन माणूस आला नाही तरी ती व्यवस्था ३० जूनला आपोआप संपली, त्यासाठी कंपनीने वेगळं पत्र देण्याची गरज नव्हती. सहा महिने काम सांभाळलं म्हणून पदावर हक्कही येत नाही.

पण हीच तारीख कंपनीलाही बांधते. भत्ता संपला तसं जादा कामही संपलं. तरीही १ जुलैनंतर ते तुमच्याकडून करून घेतलं, म्हणजे दोघांनी वागण्यातून जुनीच व्यवस्था पुढे चालू ठेवली, असं म्हणता येतं. शिवाय भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७० आहे : फुकट करण्याच्या इराद्याने न केलेल्या कामाचा लाभ समोरच्याने घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. कंपनी म्हणेल, नेमणूकपत्रात ‘व्यवस्थापन सांगेल ते काम’ लिहिलंय, पगारात सगळं आलं. त्यावर उत्तर तुमच्याच पत्रात आहे : हे काम पगाराबाहेरचं आहे आणि त्याची किंमत ५,००० आहे, हे कंपनीनेच ठरवलं होतं. म्हणून जुलै-ऑगस्टचे १०,००० आणि काम सोपवेपर्यंतची पुढची रक्कम, एवढीच मागणी ठेवा.

पुरावा काय? जुलैनंतर तुमच्या सहीने झालेल्या मालाच्या पावत्या, इश्यू स्लिपा, स्टोअरबद्दल तुम्हाला आलेले मेल. त्यांच्या प्रती आजच बाजूला ठेवा, पण कंपनीचे मूळ कागद घरी नेऊ नका. त्यावरून उलट तुमच्यावरच चौकशी लागलेली मी पाहिली आहे.

रागाच्या भरात उद्यापासून स्टोअर बंद करू नका, तो आज्ञाभंग ठरवला जाऊ शकतो. एचआरला मेल करा : ‘पत्रातील मुदत ३० जूनला संपली. तेव्हापासून आजपर्यंत हे काम मी तोंडी सूचनेनुसार करत आहे. १ जुलैपासून भत्त्यासह मुदतवाढीचं पत्र द्यावं, अन्यथा पदभार कोणाकडे सोपवायचा ते १५ दिवसांत कळवावं.’

सोपवताना साठा मोजून, यादीवर दोघांच्या सह्या घ्या. ही यादी नसेल, तर पुढे सापडलेली तूट शेवटच्या चावीवाल्याच्या, म्हणजे तुमच्या माथी येते. मला त्या १०,००० पेक्षा याचीच काळजी जास्त वाटते. मुदतवाढ मिळाली तर ‘पदभार प्रत्यक्ष सोपवेपर्यंत भत्ता देय राहील’ हे वाक्य पत्रात घालून घ्या.