वदतोव्याघात, विरोधाभास आणि ‘हे वाक्य खोटे आहे’

प्रश्न : ‘हे वाक्य खोटे आहे’ या वाक्याला मराठीत वदतोव्याघात म्हणायचे की विरोधाभास? आमच्या सरांनी एकाच तासाला दोन्ही शब्द वापरले. आणि असले वाक्य निरर्थक म्हणून सरळ सोडून का देत नाहीत?

दोन्ही शब्द थोडे थोडे चुकतात.

‘वदतोव्याघात’ हा आपल्याकडे संस्कृतातून जसाच्या तसा आला. वदतः म्हणजे बोलणाऱ्याचा; बोलणाऱ्याच्या बोलण्यानेच त्याच्या म्हणण्याला बसलेला धक्का म्हणजे वदतोव्याघात. ‘माझी आई वांझ आहे’ हे त्याचे जुने, ठरलेले उदाहरण. घरातले उदाहरण घ्यायचे तर दुपारी माजघरात आडव्या झालेल्या माणसाला हाक मारावी आणि त्याने आतून ‘मी झोपलोय’ म्हणून ओ द्यावी. या वाक्यांत गोंधळ काहीच नाही. ती खोटी आहेत, एवढे म्हटले की विषय संपतो. आई वांझ नव्हती, माणूस जागा होता.

विरोधाभासात याच्या उलट घडते. तिथे विरोध नुसता भासतो. अर्थ नीट लावला की तो विरघळतो आणि वाक्य खरे ठरते. म्हणून तर तो अलंकारांत जाऊन बसला आहे.

आता तुमचे वाक्य. ते खरे मानले तर ते जे सांगते ते तसेच असले पाहिजे, आणि ते तर स्वतःला खोटे म्हणते; म्हणजे ते खोटे. बरे, खोटे मानू. मग ते जे सांगते तसे नाही, म्हणजे ते खोटे नाही, म्हणजे खरे. वदतोव्याघाताला ‘खोटे’ म्हणून थांबता येते, विरोधाभासाला ‘खरे’ म्हणून. इथे दोन्हीकडे पाय ठरत नाही. अशा ठिकाणी मी ‘विरोधापत्ती’ हा शब्द वापरतो. ‘आपत्ती’चा शास्त्रार्थ इथे चपखल बसतो: मान्य केलेल्या गोष्टींतून ओढवणारा, नको असलेला निष्कर्ष. शब्दासाठी एवढे खोलात शिरण्याचे कारण हेच, की आपण काय मान्य केले होते ते शोधायला हा शब्द भाग पाडतो.

एक गल्लत आधी दूर करतो. या विरोधापत्तीचे उदाहरण म्हणून पुष्कळदा क्रीट बेटावरच्या एपिमेनिडीसचे ‘सगळे क्रीटवासी खोटारडे’ हे वाक्य देतात. त्यात खरी अडचण नाही. आमच्या दापोलीतला कुणी ‘दापोलीकर कधीच खरं बोलत नाहीत’ म्हणाला, तर ते वाक्य खोटे धरून मोकळे होता येते; कुठला तरी दापोलीकर कधी तरी खरे बोललेला असतो. धारदार रूप इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या युबुलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर आहे: ‘मी आत्ता जे बोलतो आहे ते खोटे आहे.’ यात दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच उरत नाही.

आता ‘निरर्थक म्हणून सोडून द्या’ याकडे वळतो. ही सूचना जुनी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. व्याकरणकार भर्तृहरीने वाक्यपदीय या आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या कांडात ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’, मी बोलतो ते सगळे खोटे, हे वाक्य घेतले आहे. तो म्हणतो, असे बोलणाऱ्याला हे वाक्य त्या ‘सगळ्या’त धरायचे नसते, ते धरले तर तो जे सांगायला निघाला होता तेच कळणार नाही. रोजच्या बोलण्याबद्दल हे निरीक्षण अचूक आहे. ‘मला आज कुणाशी बोलायचं नाही’ असे कुणी आपल्याशी बोलून सांगतो, तेव्हा आपण त्याला अडवत नाही.

पण मग मनात येते, की वाक्याने स्वतःबद्दल बोलूच नये असा नियम करून टाकू. तो नियम आधी फार कडक होतो आणि मग तोकडा पडतो. कडक अशासाठी, की ‘या वाक्यात पाच शब्द आहेत’ हे वाक्य स्वतःबद्दलच बोलते आणि ते निखालस खरे आहे, मोजून बघा. तोकडा कसा पडतो ते दाखवायला हर्णैच्या बंदरावर जाऊ. तिथे रोज मासळीचा लिलाव होतो. माणसे कल्पनेतली, पण बोलणे तिथे सहज कानावर पडेल असे.

चतुर्थीचा दिवस. काशीराम आणि दामा, दोघे तांडेल, म्हणजे आपापल्या बोटीचे प्रमुख. काशीराम त्या दिवशी तीनच गोष्टी बोलला. पहिली: ‘आज भरती तीनच्या सुमारास.’ (तिथीच्या पाऊणपट तास, हा आपला किनाऱ्यावरचा हिशेब, चाराची पाऊणपट तीन. ही गोष्ट खरी धरू.) दुसरी: ‘दामाच्या बोटीला आज सुरमई लागलेली नाही.’ तिसरी, कुणीतरी दामाचे नाव काढले तेव्हा: ‘दामा माझ्याबद्दल आज जे काही बोलला असेल ते खरंच असेल.’ दामा जेट्टीच्या दुसऱ्या टोकाला होता. तो काशीरामबद्दल दिवसभरात एकच वाक्य बोलला: ‘काशीरामचं आजचं बोलणं निम्म्याहून जास्त खोटं.’

दोघांतला एकही स्वतःच्या वाक्याबद्दल बोललेला नाही. दोन्ही वाक्ये आपण रोज बोलतो तसलीच आहेत.

दामाची बोट धक्क्याला लागली आणि बर्फाखाली सुरमई नाही, नुसता बांगडा निघाला असे धरा. मग काशीरामच्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या. तिनांतल्या दोन खऱ्या म्हटल्यावर दामाचे वाक्य खोटे, आणि दामा खोटा म्हणून काशीरामची तिसरी गोष्टही खोटी. हिशेब मिटला, कुठे काही अडले नाही.

आता बर्फाखाली सुरमई निघाली असे धरा. काशीरामची पहिली गोष्ट खरी, दुसरी खोटी, आणि सगळा भार तिसरीवर आला. दामाचे वाक्य खरे म्हणावे, तर काशीरामच्या किमान दोन गोष्टी खोट्या हव्यात, म्हणजे तिसरी खोटी हवी. पण तिसरी गोष्ट सांगते की दामा खरे बोलला. ती खोटी म्हणजे दामा खोटे बोलला. दामाचे वाक्य खोटे म्हणावे, तर तिसरी गोष्ट खोटी, म्हणजे तिनांतल्या दोन खोट्या, म्हणजे निम्म्याहून जास्त खोटे. मग दामा खरेच बोलला होता!

तेच शब्द, तीच माणसे, तोच अर्थ. फरक बर्फाखालच्या माशाचा. वाक्य निरर्थक असते तर बांगडा निघाल्यावर ते खोटे कसे ठरले असते? ‘असली वाक्ये सोडून द्या’ हा उपाय इथे हातातून निसटतो. कोणते वाक्य असले आणि कोणते नाही हे त्याचा अन्वय लावून, व्याकरण तपासून कळत नाही. बोट येईपर्यंत थांबावे लागते. अमेरिकी तत्त्वज्ञ सोल क्रिप्की याने 1975 साली नेमका हाच मुद्दा मांडला. या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा तोच वाटतो.

मग आपण मान्य काय केले होते? एक साधी गोष्ट, जी कुणीही विचार न करता मान्य करील. ‘हर्णैला पाऊस पडतो आहे’ हे वाक्य खरे केव्हा? हर्णैला पाऊस पडत असेल तेव्हा, आणि तेव्हाच. प्रत्येक वाक्याला हा नियम लावता येतो असे आपण धरून चालतो. ‘खरे’ या शब्दाचा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ एवढाच आहे. आता एका वाक्याला ‘ल’ नाव देऊ आणि ते वाक्य असू दे ‘ल खरे नाही’. नियम लावला की उत्तर येते: ल खरे आहे, ते खरे नसेल तेव्हा आणि तेव्हाच. पोलिश तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्कीने 1933 साली दाखवले, की भाषेला आपल्या वाक्यांना नावे देता येत असतील, त्या सर्व वाक्यांना हा नियम लागू असेल आणि आपले नेहमीचे तर्कशास्त्र चालू असेल, तर या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मराठीत तिन्ही आहेत.

टार्स्कीचा तोडगा म्हणजे मजले. ज्या भाषेबद्दल बोलायचे तिच्यात ‘खरे’ हा शब्द ठेवायचा नाही. तो वरच्या मजल्यावरच्या भाषेत. गणितासाठी आखलेल्या भाषांना हे उत्तम चालते. पण दामा कुठल्या मजल्यावरून बोलला? काशीरामच्या बोलण्याच्या एक मजला वर. आणि काशीराम? त्याची तिसरी गोष्ट दामाच्या वर हवी. दोघे एकमेकांच्या वर कसे राहणार?

क्रिप्कीने मजले न बांधता आधार शोधला. आधी माशांबद्दलची, भरतीबद्दलची वाक्ये खरी-खोटी ठरवा. मग त्यांच्याबद्दलची, मग त्या वाक्यांबद्दलची. असे चढत गेल्यावर जी वाक्ये कधीच ठरत नाहीत ती निराधार. ती खरीही नाहीत, खोटीही नाहीत. बांगडा निघाला तर दामाचे वाक्य साधार, सुरमई निघाली तर निराधार. ‘हे वाक्य खरे आहे’ हेही निराधारच. खरे माना वा खोटे, विसंगती येत नाही, पण ठरवायला जगात काहीच नाही.

तरी एक बोच राहते. निराधार वाक्य खरे नसते, हे तर आपणच म्हटले. म्हणजे ल खरे नाही. पण ‘ल खरे नाही’ हे वाक्य म्हणजेच ल! उत्तर देता देता आपण तेच वाक्य उच्चारले. हे बोलायला शेवटी एक वरचा मजला लागतोच, हे क्रिप्कीनेही मान्य केले आहे.

तेव्हा शब्दांचे असे: ‘माझी आई वांझ’ला वदतोव्याघात म्हणा, तुमच्या वाक्याला विरोधापत्ती. त्याच्या रचनेला आपल्या तर्कशास्त्रात ‘आत्माश्रय’ हा तयार शब्द आहे, म्हणजे ठरण्यासाठी स्वतःवरच टेकणे. दामा आणि काशीराम एकमेकांवर टेकले, तो ‘अन्योन्याश्रय’. मध्ये तिसरा तांडेल आला आणि फेरा तिघांतून फिरून पहिल्याकडे परतला, तर ‘चक्रक’. सरांना हे तिन्ही शब्द नक्की ठाऊक असतील. तासाला सुरमईचे उदाहरण त्यांच्यापुढे मांडून पाहा.